टेंबलाईच्या यात्रेचं निमंत्रण आणि एक विनंती

दि. १८ जुलै २०२६

प्रति,
मा. नगरसेविका,
कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर

विषय : गल्लीच्या आषाढी टेंबलाई यात्रेस प्रमुख पाहुण्या म्हणून उपस्थित राहण्याबाबत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पंचगंगेला नवं पाणी आलं, आषाढ लागला. मंगळवार आणि शुक्रवार धरून शहरातल्या गल्ल्या टेंबलाईला पाणी घालायला निघाल्या आहेत. आपल्या गल्लीनं या वर्षी शुक्रवार, दि. ३१ जुलै हा दिवस धरला आहे. त्या दिवशी कलशपूजनासाठी आपण प्रमुख पाहुण्या म्हणून यावं, असं परवा मारुतीच्या देवळात झालेल्या बैठकीत सगळ्यांच्या मतानं ठरलं. त्याचं हे रीतसर निमंत्रण.

आपलं नाव पुढं आलं ते नुसतं पदामुळं नव्हे. आपण या गल्लीच्या माहेरवाशीण. परकर-पोलक्यात, कपाळभर मळवट भरून, डोक्यावर पाण्याचा कलश घेऊन आपण टेंबलाईची टेकडी चढलेली बघितलेली माणसं गल्लीत अजून आहेत. आज त्याच मानाला आमच्या नाती उभ्या राहणार. त्यांच्या कलशाला पहिलं हळद-कुंकू आपल्या हातचं लागावं, एवढीच इच्छा आहे.

कार्यक्रम असा. पहाटे पोरं घाटावर जाऊन पाणी आणतील. नदी पात्राबाहेर असली तर काठावरनंच कलश भरायचे, कुणीही आत उतरायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे. सकाळी ठीक ८ वाजता मारुतीच्या देवळासमोर कलशपूजन, लगेच आरती आणि ८.३० ला मिरवणूक हलणार. पुढं पी-ढबाक, मागं कलश घेतलेल्या पोरी आणि बायका. टेकडीवर देवीच्या पायरीला पाणी घालून नैवेद्य दाखवायचा. संध्याकाळी गल्लीत आंबील आणि रात्री जेवण. जेवण कशाचं, ते माहेरवाशिणीला सांगायला नको.

आता विनंती. ती मनावर घ्यावी, पण मनाला लावून घेऊ नये.

त्या दिवशी राजकीय भाषण नको. खरं तर भाषणच नको, कुणाचंही. समितीच्या अध्यक्षांचंसुद्धा नाही, आणि त्यांना ते किती जड गेलं आहे हे आपण ओळखालच.

यामागं कारण आहे. मागं एका वर्षी मिरवणूक निघायच्या वेळेला एका पाहुण्यांच्या हातात माईक गेला. त्यांनी केलेल्या कामांची यादी वाचली. ते ऐकून दुसऱ्या बाजूच्या एकांना उत्तर द्यावंसं वाटलं. तोवर पोरींनी कलश डोक्यावर घेतलेले होते. देवीचं पाणी एकदा डोक्यावर घेतलं की वाटेत खाली ठेवायचं नाही, ही आपल्या गल्लीची रीत. वर पावसाची भुरभुर, डोक्यावर भरलेला तांब्याचा कलश, चुंबळ भिजून कपाळावर ओघळलेली. सगळ्यात धाकटीचा हात थरथरायला लागला, तेव्हा तिच्या आजीनं मागं उभं राहून कलशाला बोटं लावून धरली, पण उतरवून घेतला नाही. पी-ढबाकवाले वाजवायचे थांबून विडी ओढत बसले होते. भाषणं संपली तेव्हा अर्धी गल्ली या बाजूला आणि अर्धी त्या बाजूला झाली होती. त्या रात्री पंगतीला काही घरं आली नाहीत. जेवायला न येणं म्हणजे काय, हे पेठेत वाढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

गल्लीत सगळ्या पक्षांची माणसं आहेत. एका घरात दोन भाऊ दोन झेंड्यांचे आहेत आणि यात्रेची वर्गणी मात्र एकाच पावतीवर देतात. ते तसंच राहावं.

म्हणून या वर्षी मांडव आहे, स्टेज नाही. खुर्च्या म्हाताऱ्या माणसांसाठी. माईक आरतीला आणि सूचनांना. पक्षाचं चिन्ह, नेत्यांचे फोटो असलेला फलक, गळ्यात पक्षाचं उपरणं, घोषणा यांतलं काही मिरवणुकीत नको. आपले कार्यकर्ते येतील, जरूर यावेत, आंबील वाढायला हात कमीच पडतात. फक्त येताना गल्लीची पोरं म्हणून यावीत. आपल्या घराची वर्गणी दरवर्षीप्रमाणं येतेच, तेवढीच घेऊ. जादा रक्कम आणि तिच्याबरोबर येणारा शुभेच्छा फलक, दोन्हींना नम्रपणे नाही म्हणायचं ठरलं आहे. फोटो काढायला आणि ते मोबाईलवर टाकायला कुणाची हरकत नाही.

बंधन एका बाजूनं घालणं बरं दिसत नाही. तेव्हा आमच्याकडूनही शब्द : त्या दिवशी गल्लीतला एकही माणूस आपल्यासमोर तुंबलेल्या गटारीचा, रस्त्यातल्या खड्ड्याचा किंवा कमी दाबानं येणाऱ्या पाण्याचा विषय काढणार नाही. त्याचं निवेदन वेगळं तयार आहे आणि ते यात्रा झाल्यावर सोमवारी आपल्या कार्यालयात घेऊन येणार आहोत. गटार आहे तिथंच आहे, ती कुठं जात नाही.

प्रभागातल्या बाकीच्या नगरसेवकांनाही यात्रेला बोलावलं आहे आणि हीच विनंती त्यांनाही केली आहे. त्यांच्याही हातून एकेका कलशाला फूल वाहून घेऊ. ते कसे आले, असं आपल्याला वाटू नये म्हणून आधीच कळवतो. विजयाच्या सोहळ्याचं आमंत्रण चुकलं म्हणून टेंबलाई अंबाबाईकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली आणि तिची समजूत काढायला अंबाबाईची पालखी अजून दर ललिता पंचमीला तिथवर जाते. त्या देवीच्याच यात्रेत कुणाचं आमंत्रण चुकवायची आमची छाती नाही.

आपला सत्कार शाल-श्रीफळानं करणार नाही. माहेरवाशिणीची खणा-नारळानं ओटी भरायची, असं बायकांनी ठरवलं आहे आणि त्यात आम्हा पुरुषांना बोलायला जागा ठेवलेली नाही. बोलायचं आपल्याला एकच आहे. आरती झाली की कलश उचलायच्या आधी ‘टेंबलाईच्या नावानं’ अशी हाक आपण द्यायची. ‘चांगभलं’ गल्ली म्हणेल. त्यावर मिरवणूक सुटेल.

त्या दिवशी सकाळी आपले आणखीही कार्यक्रम असणार, शुक्रवार म्हटल्यावर दुसऱ्या गल्ल्यांचीही बोलावणी असतील. पूजनाला अर्धा तास पुरे. टेकडीपर्यंत आलात तर आनंदच, पण आग्रह नाही. उशीर होणार असेल तर निरोप द्यावा, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात वडील आजींच्या हस्ते पूजन करून वेळेवर निघता येईल. आपण मागून टेंबलाई नाक्यावर येऊन मिळालात तरी ओटी तिथं भरू.

समितीतले आम्ही चौघं जण येत्या बुधवारी संध्याकाळी पत्रिका आणि अक्षता घेऊन घरी येत आहोत. विनंतीत काही कमी-जास्त करावं असं वाटलं तर तेव्हा बोलूच. होकार मात्र त्याआधी कळला तर पत्रिका छापायला टाकता येईल, छापखान्यात आषाढात गर्दी असते.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सेक्रेटरी,
गल्लीची टेंबलाई यात्रा समिती,
शिवाजी पेठ, कोल्हापूर

ता. क. : आईंना बरोबर आणावं. त्यांच्यासाठी मारुतीच्या कट्ट्याजवळ सावलीत खुर्ची राखून ठेवली आहे.