शेरूचं लसीकरण, जंतनाशक आणि वार्षिक तपासणी

शेरू, गावठी कुत्र्याचं पिल्लू, नर. जन्म १ मे २०२५ च्या सुमारास. आज, १६ जूनला, वजन २ किलो ४०० ग्रॅम.

ताई, हा कागद लसीच्या पुस्तिकेतच ठेवा आणि दर खेपेला दोन्ही घेऊन या.

लसी:
१६ जून – पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस. दिली.
७ जुलै – मल्टी लस, पहिला डोस (पार्व्हो, डिस्टेंपर, यकृताचा संसर्ग, लेप्टो)
२८ जुलै – मल्टी दुसरा, रेबीज पहिला
२५ ऑगस्ट – मल्टी तिसरा, रेबीज बूस्टर

तीच लस पुन्हा पुन्हा का, असं तुम्ही विचारलंत. पिल्लाला आईच्या चिकातून जे संरक्षण मिळतं, तेच लसीला निकामी करतं. ते कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून शेवटचा डोस सोळा आठवडे उलटल्यावरच घ्यायचा. तो चुकला, तर आधीच्या डोसांच्या भरवशावर राहू नका.

८ सप्टेंबरपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि चपलांबरोबर घरात येतो. चपला दाराबाहेरच काढा. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवा. गाड्यांचे, माणसांचे आवाज याच वयात ओळखीचे होतात.

उलट्या, रक्ताचे जुलाब किंवा अन्न पूर्ण बंद, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी आणा. उद्यावर ढकलू नका, पार्व्होत पिल्लू फार झपाट्याने खचतं.

लस दिल्यावर एखादा दिवस मरगळ चालते. तोंड सुजलं किंवा धाप लागली तर लगेच परत या. म्हणूनच लशीनंतर अर्धा तास इथेच बसायला सांगते.

जंतनाशक आज दिलं आहे. पुढे ३० जून, १४ जुलै, २८ जुलै. मग ऑक्टोबरअखेरपर्यंत महिन्यातून एकदा, त्यानंतर दर तीन महिन्यांनी. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, त्यामुळे घरातलं पिल्लू म्हणून सुटका नाही. शीमध्ये शेवयांसारखे जंत पडले तर घाबरू नका. डोस वजनावर ठरतो, म्हणून दर वेळी आधी वजन करू. मागची उरलेली गोळी देऊ नका. मुलांना त्याच्याशी खेळल्यावर साबणाने हात धुवायला लावा.

खेळताना त्याचा दात लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. शेरूला लस दिली आहे म्हणून थांबू नका.

ऑगस्ट २०२६ पासून दरवर्षी मल्टी आणि रेबीज एकेक, आणि तेव्हाच पूर्ण तपासणी: दात, कान, कातडी, हृदय, वजन. गोचीड दिसत असतील तर रक्तही तपासू. सात वर्षांनंतर वर्षातून दोनदा.

३० जूनला सकाळी या. येताना ताजी शी डबीत आणलीत तर तपासून घेऊ.