हेरकथेतला कोण कुणाचा माणूस?

मुग्धा,

चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटलंस, कारण ‘कोण कुणाचा माणूस तेच कळेना’. हेरकथावाले शब्द समजावत बसत नाहीत, म्हणून हा कागद पुस्तकात घालून ठाण्याहून वाशीला धाडतोय.

पहिली गल्लत ‘एजंट’ची. आपल्याकडे विम्याचा एजंट म्हणजे कंपनीचाच माणूस. हेरकथेत उलटं. पगारी माणूस तो ऑफिसर. एजंट म्हणजे त्याने बाहेरून फितवलेला, समजा वकिलातीतला कारकून. त्यालाच अ‍ॅसेटही म्हणतात. त्याला सांभाळणारा ऑफिसर तो हँडलर. पैसे पोचवायचे, भेट ठरवायची, गडी घाबरला की धीर द्यायचा. माझ्या मते निम्म्या हेरकथा या दोघांच्या नात्यावरच उभ्या असतात.

डेड ड्रॉप म्हणजे न भेटता देवघेव. तलावपाळीवर एकाने बाकाखाली शेंगदाण्याची रिकामी पुडी चिकटवली आणि तो स्टेशनकडे निघाला. तासाभराने दुसरा तिथेच बुटाची नाडी बांधायला वाकला. झालं! दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही, त्यामुळे एक पकडला गेला तरी दुसऱ्याचं वर्णन काय सांगणार? माल ठेवल्याची खूण मात्र वेगळ्या जागी असते. सीआयएत बसून रशियनांना माहिती विकणारा ऑल्ड्रिच एम्स वॉशिंग्टनमधल्या टपालपेटीवर खडूची रेघ ओढायचा. एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन व्हर्जिनियातल्या एका बागेत लाकडी साकवाखाली कागदांची पिशवी ठेवून आला आणि तिथेच सापडला. साल 2001.

आता डबल एजंट. एका बाजूला वाटतं हा आपला, प्रत्यक्षात तो दुसरीच्या तालावर नाचतो. दुसऱ्या महायुद्धातला स्पॅनिश हुआन पुजोल घे. जर्मनांचा हेर म्हणून मिरवत तो ब्रिटिशांचं काम करायचा. त्याने डझनावारी हस्तक निव्वळ कल्पनेतून उभे केले आणि त्या नसलेल्या माणसांचा खर्च जर्मनांकडूनच वसूल केला! दोन्हीकडून पदकं मिळाली ती वेगळीच. किम फिल्बीलाही पुस्तकांतून सर्रास डबल एजंट म्हणतात, पण तो खरा ‘मोल’, आपल्या भाषेत घरभेदी: ब्रिटिश हेरखात्यात अधिकारी, निष्ठा मॉस्कोला. 1963 साली तो बैरुतहून पसार झाला.

बर्न्ड अ‍ॅसेट म्हणजे बिंग फुटलेला माणूस. मेलेला नव्हे, निकामी. त्याला ना कुणी भेटणार, ना फोन उचलणार. कधी शत्रूला सुगावा लागतो, तर कधी आपलेच लोक ‘याच्यावर विसंबू नका’ असं कळवून त्याला जाळतात. हे दुसरं वाचताना जास्त लागतं.

आता चाळिसाव्या पानावरचा तो छत्रीवाला पुन्हा वाच. तो छत्री बाकावर विसरला, असंच वाटलं होतं ना तुला?

— मामा