टोल्युईनचं नायट्रेशन: पाच मार्कांचं उत्तर

परवाच्या चाचणीत बहुतेकांनी एकच ओळ लिहून सोडलीय: 'मिथाईल गट ऑर्थो-पॅरा डायरेक्टिंग आहे.' आहे की, पण का आहे? त्या 'का'चेच मार्क आहेत. खानापूरकडची बरीच पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आणि पीयूसीला एकदम इंग्रजीत पडलेली. म्हणून उत्तर आधी मराठीत लिहून देतोय. डोक्यात बसलं की पेपरात इंग्रजीत उतरवा.

प्रश्न: टोल्युईनच्या नायट्रेशनचे उदाहरण घेऊन बेंझीन वलयावरील गटाचा दिशादर्शक परिणाम स्पष्ट करा. (५ गुण)

उत्तर: बेंझीन वलयावर आधीच असलेला गट दोन गोष्टी ठरवतो: पुढची अभिक्रिया बेंझीनपेक्षा जलद होईल की मंद, आणि नवा गट कोणत्या जागी बसेल. यालाच त्या गटाचा दिशादर्शक परिणाम म्हणतात.

टोल्युईनवर संहत नायट्रिक आम्ल व संहत सल्फ्युरिक आम्ल यांच्या मिश्रणाची साधारण ३०° से. तापमानाला क्रिया केली असता नायट्रोटोल्युईन मिळते. प्रथम मिश्रणात नायट्रोनियम आयन तयार होतो. हाच इलेक्ट्रोफाइल.

HNO3 + 2H2SO4 → NO2⁺ + H3O⁺ + 2HSO4⁻

(इथे नायट्रिक आम्ल प्रोटॉन घेतं, म्हणजे बेससारखं वागतं. विचारलं नसलं तरी एका वाक्यात लिहा.)

नायट्रोनियम आयन वलयातील पाय इलेक्ट्रॉनांवर हल्ला करतो आणि धनप्रभारित सिग्मा कॉम्प्लेक्स तयार होतो. ही पायरी सर्वांत मंद असल्यामुळे ज्या जागेवरील हल्ल्याने अधिक स्थिर कॉम्प्लेक्स मिळतो, ते उत्पादन जास्त तयार होते. त्यानंतर प्रोटॉन निघून जातो व वलयाची अॅरोमॅटिकता परत येते.

मिथाईल गट असलेल्या कार्बनला क्रमांक १ देऊ. ऑर्थो हल्ल्यात नायट्रो गट २ वर येतो आणि धनप्रभार १, ३ व ५ या कार्बनांवर विभागला जातो. पॅरा हल्ल्यात नायट्रो गट ४ वर येतो, तेव्हाही धनप्रभार १, ३ व ५ वरच असतो. म्हणजे दोन्ही वेळा एक अनुनादी रचना अशी मिळते की धनप्रभार थेट मिथाईलच्या कार्बनवर येतो. तो कार्बन तृतीयक होतो आणि मिथाईल गट प्रेरक परिणामाने व हायपरकॉन्जुगेशनने त्याला आधार देतो. मेटा हल्ल्यात (नायट्रो गट ३ वर) प्रभार २, ४ व ६ वर फिरतो, १ वर कधीच येत नाही. तिन्ही रचना द्वितीयकच राहतात, त्यामुळे हा कॉम्प्लेक्स तुलनेने कमी स्थिर असतो.

(तिन्ही हल्ल्यांच्या तीन-तीन रचना काढायच्याच. एकाने मिथाईल गटाचा एक हायड्रोजनच खाऊन टाकला होता आणि CH2 काढून वर धनप्रभार ठेवला होता. प्रभार वलयात असतो, मिथाईलवर नाही. त्या चुकीला मी पूर्ण दोन मार्क कापले.)

म्हणून मिश्रणात ऑर्थो सुमारे ५९ टक्के, पॅरा सुमारे ३७ टक्के व मेटा सुमारे ४ टक्के मिळते. मिथाईल गट वलयाला इलेक्ट्रॉन पुरवत असल्याने टोल्युईनचे नायट्रेशन बेंझीनपेक्षा जवळपास २५ पट जलद होते. म्हणून तो सक्रियक गटही आहे.

(आकडे नुसते पाठ करू नका, जरा वाचा. ऑर्थो जास्त आलंय म्हणून ती जागा अधिक आवडती, असं समजू नका. ऑर्थो जागा दोन आहेत, पॅरा एकच. ५९ ला दोनाने भागा: एका जागेवर साडेएकोणतीस. पॅराच्या एकट्या जागेवर ३७! बसला दोन दारं असली की माणसं जास्त चढतात, पण एकेका दाराशी गर्दी कमीच. ऑर्थोला मिथाईलची शेजारी अडचणही होते. मिथाईलच्या जागी टर्शरी-ब्युटाईल गट बसवला की ही अडचण इतकी वाढते की पॅरा उत्पादन सरळ पुढे जातं. हे एक वाक्य लिहिणारा पोरगा तपासणाऱ्याच्या लक्षात राहतो.)

याउलट नायट्रो गट वलयातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. नायट्रोबेंझीनवर ऑर्थो किंवा पॅरा हल्ला झाल्यास धनप्रभार नायट्रो गट असलेल्या कार्बनवर येतो आणि शेजारच्या नायट्रोजनवरही धनप्रभार असल्याने ती रचना अतिशय अस्थिर होते. म्हणून नायट्रोबेंझीनमध्ये मेटा उत्पादन मुख्य मिळते व अभिक्रिया मंद होते.

(क्लोरीन मधेच आणू नका. तो वलयाला मंद करतो तरी ऑर्थो-पॅरा दाखवतो, आणि ते समजावायला इथे जागा नाही. वेगळा प्रश्न आला तर बघू.)