‘मानशीची पावणी बंद करा’: लेखाचा सारांश आणि त्यानंतर माझे मत

चोडणच्या वाचक मंडळाच्या या महिन्याच्या बैठकीसाठी

एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत खाजन शेतीवर, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीवर, आलेला लेख सगळ्यांना वाचायला मिळाला नाही, म्हणून हा सारांश. लेखक शेती खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. ‘माझे मत’ या शीर्षकापर्यंत जे काही आहे ते त्यांचे म्हणणे समजावे, मला पटो वा न पटो.

लेखाचा सारांश

लेखकाची मागणी मथळ्यातच आहे: मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, मासे धरण्याचा हक्क दर वर्षी पावणीला, म्हणजे लिलावाला, लावायची पद्धत कायमची बंद करावी. खाजन पडीक पडण्याचे मुख्य कारण ही पावणीच आहे, असे ते ठामपणे मांडतात.

आधी ते मानशीचे काम समजावतात. भरतीला नदीचे पाणी दारावर दाबते आणि दार मिटते. ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलते आणि दार उघडते. त्यामुळे पावसाचे पाणी निघून जाते आणि खारे पाणी आत येत नाही. पावसाने माती धुतली गेल्यावर खारटपणा सोसणारे कोरगुटासारखे भात त्यात उभे राहते. ओहोटीच्या ओढीबरोबर बाहेर जाणारे सुंगटे, शेवटे, काळुंद्र जाळ्यात येतात. पावणी होते ती याच मासळीची.

लेखकाच्या मते बिघाड इथेच आहे. पावणी घेणाऱ्याला वर्षाच्या आत पैसे वसूल करायचे असतात. दार जितके जास्त वेळ उघडे, तितकी मासळी जास्त. म्हणून तो हवे तेव्हा खारे पाणी आत घेतो. पाण्याच्या जोराने बांध आतून पोखरतो, भगदाड पडते, आणि एका हंगामात खारावलेली जमीन पुन्हा लागवडीला यायला अनेक पावसाळे जातात. असा क्रम ते लावतात.

पूर्वी बांधांची देखभाल गांवकारी, म्हणजे कोमुनिदाद ही गावची सामाईक संस्था, पाहत असे. गोव्याच्या 1964 च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. या संघटनांवर लेखकाचा राग आहे: त्या पावणीचे पैसे वाटून घेतात आणि बांधाला मात्र सरकारकडे बोट दाखवतात, असा त्यांचा आरोप आहे. खारफुटीबद्दल त्यांनी दोन टोके वेगळी ठेवली आहेत. बांधाच्या नदीकडच्या अंगाला ती हवीच, लाटांचा मार ती झेलते. पण पडीक शेतात आत उगवलेली खारफुटी काढण्याची परवानगी सोप्या पद्धतीने मिळावी, असे ते म्हणतात. बांधांचा खर्च सरकारने उचलावा आणि मानशीवर पगारी माणूस नेमावा, हा त्यांचा उपाय आहे.

लेखात एकाही गावाचा हिशेब किंवा बांध फुटल्याची नोंद दिलेली नाही. ही टिप्पणी नव्हे, लेखात काय आहे आणि काय नाही याची माहिती म्हणून हे इथेच नोंदवतो.

माझे मत

इथून पुढे लेखक नाहीत, मी आहे.

मानशीच्या दाराचा ताबा मासळीवर पैसे लावणाऱ्याच्या हाती असू नये, हे मला पूर्ण पटते. ज्याचे भात बुडते त्याला दारावर हक्क नाही, ही उलटी व्यवस्था आहे. खारफुटीबद्दल त्यांनी बांधाच्या आतला आणि बाहेरचा भाग वेगळा धरला, तोही मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे खारफुटीवर बोलताना हा फरक बहुतेक वेळा पुसला जातो. चोडणच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथली खारफुटी जपायची आणि भातशेतही वाचवायचे, या दोन गोष्टींत भांडण लावायचे कारण नाही.

पण पावणी बंद करण्याशी मी सहमत नाही. बांध दुरुस्त करायला गावाकडे स्वतःचा म्हणून जो पैसा होता, तो मानशीचाच होता. तो तोडून सगळे सरकारी खात्यावर सोडले, तर अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला भगदाड पडल्यावर फाइल हलेपर्यंत शेत खाडी होईल. बांधाला पहिल्याच दिवशी माती लागते. त्यापेक्षा पावणी राहू द्यावी, पण दार उघडण्याच्या वेळा शेतकऱ्यांनी ठरवाव्यात, त्या करारात लिहाव्यात, आणि मिळालेल्या पैशातला ठरावीक वाटा आधी बांधासाठी बाजूला काढावा.

कुळांवरचा आरोप मला एकतर्फी वाटतो. ज्यांच्या घरातली पुढची पिढी नोकरीला गेली आणि ज्यांना चिखल भरायला मजूर मिळत नाहीत, अशा माणसांची अडचण लेखात एका ओळीनेही येत नाही. लेखकाचा राग मला कळतो, कारण पडीक खाजन पाहून माझाही जीव तुटतो. पण सगळा दोष एकाच ठिकाणी ठेवायला पुरावा हवा, आणि तो लेखात नाही.

बैठकीत चर्चा करताना ‘लेखात असे म्हटले आहे’ आणि ‘सारांश करणाऱ्याला असे वाटते’ हे कृपया वेगळे बोलावे. मूळ कात्रण मी सोबत आणतो. माझ्या सारांशात लेखकाची बाजू कुठे दुबळी झाली असेल, तर तिथेच दाखवून द्यावे.