स्वकर्मकुसुमांची पूजा : सावता माळी, सिद्धरामेश्वर आणि हातातलं काम | मराठी प्रवचन, सोलापूर

थोडक्यात : रोजचं काम हीच देवाची पूजा कशी होते, यावर सोलापुरातल्या एका निवृत्त विणकराने केलेलं प्रवचन. आधार गीतेच्या १८व्या अध्यायातील ४६वा श्लोक आणि त्यावरची ज्ञानेश्वरीतली ओवी, जोडीला सावता महाराजांचा अभंग आणि कन्नड शरणांची, म्हणजे बसवेश्वरांच्या काळातल्या शिवभक्तांची वचनं.

प्रकार : प्रवचन. कीर्तन नव्हे; टाळ-मृदंग नाही, चाली नाहीत. शेवटी 'पुंडलिक वरदा'चा गजर आहे तेवढाच. कीर्तन शोधत आलेल्या माणसाचा वेळ जाऊ नये म्हणून हे आधीच सांगतो.

प्रवचनकार : गंगाधरबुवा. आडनाव लावू नका आणि 'महाराज' तर मुळीच म्हणू नका, असं त्यांचं सांगणं आहे, ते पाळलंय. वारकरी, माळकरी. चादरीच्या कारखान्यात मागावर आयुष्य गेलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आजोळी कन्नड. लोक 'गंगाधर बुवा' असं तोडूनही लिहितात, ते रूप शोधशब्दांत घातलं आहे.

ध्वनिमुद्रण : रविवार, १६ जुलै २०२३, आषाढ वद्य चतुर्दशी, संत सावता माळी पुण्यतिथी. सोलापूर, पूर्व भाग, एका घराचं अंगण. कालावधी १ तास १२ मिनिटं. फक्त आवाज, चित्र नाही.

भाषा : मुख्य भाषा मराठी, सोलापुरी वळणाची. तीन ठिकाणी कन्नड वचनं मुळातून म्हटली आहेत आणि लगेच मराठीत अर्थ सांगितला आहे. शेवटची सात मिनिटं श्रोत्यांशी बोलणं आहे, त्यात निम्मं तेलुगू. नुसतं 'मराठी' लिहून मोकळं होता आलं असतं. पण मग अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा किंवा पूर्व भागातला पद्मशाली घरातला माणूस या प्रवचनापर्यंत पोचणारच नाही, आणि बुवा बोलत होते ते त्यांच्याशीसुद्धा. गीतेच्या श्लोकांमुळे संस्कृत ही वेगळी भाषा म्हणून नोंदवलेली नाही. कुणी संस्कृत प्रवचन शोधत असेल तर हे ते नाही.

```
language: mr
also_spoken: kn, te
recorded: 2023-07-16
duration: 01:12:00
```

विषय, वेळेसह

००:०० ते ०९:३० – नमन, आणि सावता महाराजांचं अरण. अरण माढा तालुक्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. पंढरी इतकी जवळ असून सावतोबा मळ्यातच विठ्ठल पाहत राहिले. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी' हा अभंग इथे पूर्ण म्हटला आहे. बुवा 'लसूण, मिरची, कोथिंबिरी'पाशी थांबतात आणि म्हणतात, 'यात गुलाब नाही, मोगरा नाही. फोडणीला लागतं तेच हाये.'

०९:३० ते ३१:०० – गीता १८.४६, 'यतः प्रवृत्तिर्भूतानां येन सर्वमिदं ततम्'. एकच भाग ऐकण्यापुरता वेळ असेल तर हाच ऐका. 'स्वकर्मणा तमभ्यर्च्य' ही दुसरी ओळ सगळे सांगतात. बुवा पहिल्या ओळीतल्या 'ततम्' या एका शब्दावर बारा मिनिटं बोलतात. 'तन्' म्हणजे ताणणे. त्यातूनच तंतू, त्यातूनच आपला ताणा. ज्याने हे सगळं व्यापलं आहे, हा रूढ अर्थ. पण विणकराला तो शब्द असा ऐकू येतो की ताणा त्याने आधीच लावून ठेवलाय, आपण फक्त धोटा फेकायचा. एक धागा तुटला आणि न जोडता माग चालवला तर चादरीत शेवटपर्यंत रेघ दिसते, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. याच ओघात ७.७ मधलं 'सूत्रे मणिगणा इव' येतं.

३१:०० ते ४२:०० – ज्ञानेश्वरी, अध्याय १८, ओवी ९१७ : 'तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥' बोलण्याच्या भरात बुवांच्या तोंडून ओवीचा क्रमांक नऊशे पंधरा असा गेला आहे. ध्वनिफितीत तो तसाच ठेवला. इथे बरोबर क्रमांक दिला आहे.

४२:०० ते १:०५:०० – सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदून घेणारा योगी, आणि त्या खोदकामावर येऊन ठेपलेले अल्लमप्रभू. अल्लमप्रभूंनी त्यांना 'ओड्ड', मातीकाम करणारा वड्डर, म्हणून डिवचलं ही परंपरेतली कथा आहे. काम मोठं, पण 'मी केलं' हे त्याहून मोठं झालं तर ती पूजा राहते का, हा प्रश्न बुवा इथे उभा करतात. सावतोबांच्या गोडव्यानंतर हा भाग जड वाटेल, पण तो वगळून ऐकलं तर प्रवचन अर्धंच कळेल. पुढे 'कायकवे कैलास', म्हणजे कायक, हातातलं काम, हाच कैलास. हे शब्द बहुतेक जण बसवेश्वरांचे समजतात. ते आयदक्की मारय्या या शरणांच्या वचनात येतात, आणि बुवा तसंच सांगतात. कायकात रंगलेल्याने गुरुदर्शनही विसरावं, असं त्या वचनात म्हटलं आहे. लोक शोधणार बसवेश्वरांच्या नावाने, म्हणून शोधशब्दांत दोघंही घेतले आहेत.

१:०५:०० ते शेवट – श्रोत्यांचे प्रश्न. 'काम आवडत नसेल तर?' असं एका तरुणाने तेलुगूत विचारलं आहे. बुवांचं उत्तरही तेलुगूत आहे. त्याचा आशय असा : आवडीचं फूलच वाहावं असं कुठे लिहिलंय, तुळस तर कडूच असते.

यात नाही : 'कर्मण्येवाधिकारस्ते' (२.४७). विषय कर्माचा असल्याने शोधात हा श्लोक येईल, पण बुवांनी तो घेतलेला नाही, म्हणून नोंदवलेला नाही.

नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून : 'सिद्धेश्वर प्रवचन' असं शोधलं की विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे श्री सिद्धेश्वर स्वामीजी यांची प्रवचनं समोर येतात. ती वेगळी. इथे सिद्धेश्वर म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत, शिवयोगी सिद्धरामेश्वर, ज्यांची गड्डा यात्रा संक्रांतीला भरते आणि ज्यांच्या वचनांवर 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा असते.

शोधशब्द : स्वकर्म, स्वधर्म, कर्मयोग, कायक, कायकवे कैलास, सावता माळी, सावता महाराज, सावतोबा, अरण, ज्ञानेश्वरी अध्याय १८, भावार्थदीपिका, गीता १८.४६, गीता ७.७, सिद्धरामेश्वर, सिद्धाराम, सोन्नलगी, अल्लमप्रभू, आयदक्की मारय्या, बसवेश्वर, वचन साहित्य, विणकर, माग, गंगाधरबुवा, गंगाधर बुवा, मराठी प्रवचन, सोलापूर, शोलापूर.

रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांसाठी :

```
pravachan marathi solapur, dnyaneshwari adhyay 18,
savata mali, siddharameshwar, kayakave kailasa
```

आवाजाबद्दल : १८व्या मिनिटापासून शेजारच्या यंत्रमागाची खटखट ऐकू येते आणि २३व्या मिनिटाला थांबते. ती काढून टाकता आली असती, पण बुवा तिच्याकडे बोट दाखवून बोलले आहेत. ती गेली तर 'हे ऐका' या त्यांच्या शब्दांना अर्थ उरत नाही.

वापर : ऐकायला, घरच्या सत्संगात लावायला मोकळीक आहे. तुकडा कापून वापरायचा असेल तर श्लोक आणि त्याचा अर्थ एकत्र ठेवावा आणि कन्नड वचनामागचं मराठी निरूपण तोडू नये. विक्रीला बुवांची परवानगी नाही.