दिवाळीचा निरोप, आत्याने तपासून दिलेला

बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५, रात्री

निखिल: आत्या, झोपली नसशील तर एक काम आहे. परवा वसुबारस. सगळ्यांना पाठवायचा निरोप लिहिलाय. मागच्या दिवाळीत माझा निरोप तू धाकट्या काकांना फोनवर वाचून दाखवलास आणि दोघं पोट धरून हसलात, ते मला कळलंय. म्हणून या वेळी आधीच तुझ्याकडे पाठवतोय. शुद्धलेखन बघ, आणि क्रियापदं आदराची आहेत का तेही बघ. सायली म्हणते गडबड आहे, पण कुठे ते सांगत नाही. नुसती हसते.

*सर्व नातेवाईकांना व त्यांच्या कुटुंबियांना दिपावलीच्या हार्दिक शुभेच्छा व नुतन वर्षाभिनंदन! ही दिवाळी आपणास सुखाची, समृध्दीची व उज्वल यशाची जावो. आपल्या सर्व ईच्छा पुर्ण होवो. मोठ्यांचे आर्शिवाद कायम आमच्या पाठीशी राहो. भाऊबीजेला गुरुवार दि. २३ रोजी दुपारी साडेबारा वाजता कोथरूडच्या घरी जेवायला तुम्ही सर्वांनी नक्की या. धाकटे काका पण येणार आहे. – निखिल व सायली*

गुरुवार, १६ ऑक्टोबर, सकाळी

आत्या: वाचलं. चहा गार झाला. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, पण इतक्या छोट्या मजकुरात इतकी लाल शाई क्वचितच लागली असेल. वाईट वाटून घेऊ नकोस, 'हार्दिक' आणि 'शुभेच्छा' बरोबर आहेत. शुभेच्छांचा 'छ्या' करणारे आपल्याच घरात दोघं आहेत.

आधी अक्षरं. 'दीपावली'त दी दीर्घ, कारण तो संस्कृतातला दीप. 'दिवाळी'त दि ह्रस्व, कारण तो आपला दिवा. तू एक बरोबर लिहिलंस, एक चुकलास. 'कुटुंबीयांना' मधला बी दीर्घ. 'भारतीयांना' लिहिताना ती ह्रस्व काढतोस का? तसंच. 'नूतन', 'पूर्ण' दीर्घ. 'इच्छा' ह्रस्व. 'उज्ज्वल' मध्ये दोन ज, दुसऱ्याला व जोडलेला. 'समृद्धी'त द आधी, ध नंतर. तुझ्या फोनवर द, मग पाय मोडायची खूण, मग ध असं दाब.

'आशीर्वाद'. शी दीर्घ आणि रफार 'वा'च्या डोक्यावर. तू तो 'शि'च्या डोक्यावर ठेवलास. ही चूक लग्नपत्रिकांत इतकी दिसते की लोकांना आता बरोबर शब्दच चुकीचा वाटतो.

'भाऊबीजेला' नाही, 'भाऊबिजेला'. वीज, विजेला. वीट, विटेला. तशीच बीज, बिजेला. झाडाचं बीज असतं तर 'बीजाला' राहिलं असतं, कारण ते संस्कृत जसंच्या तसं आलंय. ही बीज म्हणजे द्वितीया, ती मराठीत येईपर्यंत झिजली.

निखिल: हे असं कोण लक्षात ठेवतं?

आत्या: मी. आणि हे नियम काही जुने-पुराणे नाहीत रे. चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी चार, असे अठरा. त्याआधीची तुझ्या पणजोबांची पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत, 'नाहीं', 'घरीं', 'तुम्हीं'. कागदभर अनुस्वारांची रांगोळी. ते आता चूक ठरलं. ते त्यांच्या काळी बरोबर होतं, तुझं कुठल्याच काळी नाही.

आता 'होवो' आणि 'राहो'. इच्छा एक नाही, 'सर्व इच्छा' आहेत. म्हणून 'होवोत'. आशीर्वादही अनेक, म्हणून 'राहोत'. दिवाळी एकच, म्हणून 'जावो' बरोबर.

'तुम्ही सर्वांनी नक्की या' हे वाक्य अर्धं एकीकडचं, अर्धं दुसरीकडचं. 'सर्वजण या' किंवा 'सर्वांनी यावे'. शिवाय वर 'आपणास' आणि खाली 'तुम्ही'. उंबऱ्यावर पायघड्या आणि आत गेल्यावर 'बसा कुठेतरी', असं होतं ते. एक धर आणि शेवटपर्यंत सांभाळ.

'धाकटे काका पण येणार आहे.' निखिल, धाकटा असला तरी काका आहे तुझा. 'आहेत'. एवढ्या एका 'त'साठी माणसं वर्षभर मनात ठेवतात.

'नातेवाईकांना' काढून टाक. तो शब्द दवाखान्याच्या फॉर्मवर. आपल्या माणसांना कोणी 'नातेवाईक' म्हणून हाक मारत नाही. आणि नूतन वर्ष कुठलं? पाडव्याला विक्रम संवत २०८२ लागेल, तो व्यापाऱ्यांच्या वह्यांचा. आपलं शके १९४७ गुढीपाडव्यालाच सुरू झालंय, तेव्हा अभिनंदन करून झालं. ठेवायचं तर ठेव, चूक नाही, पण मी काढेन.

भाऊबिजेला खरं तर भावाने बहिणीकडे जायचं असतं. तू सगळ्यांनाच बोलावतोयस. ओवाळणी मिळणार असेल तर माझी हरकत नाही.

निखिल: मिळेल. मग हाच सगळ्यांना पाठवू ना? आजी, मावशी, सायलीचे आई-बाबा, सगळ्यांना एकदम.

आत्या: अजिबात नको. गटावर हा पाठव. या तिघांना वेगळं लिही.

तुझ्या आजीला 'आपणास' लिहिलंस तर ती मला फोन करून विचारेल, पोरगा रागावलाय का. तिला तू जन्मभर 'तू' म्हणत आलास, तिथे 'तू'च आदराचं. सायलीला मात्र ती 'तुम्ही'. दोघांचं मिळून एकच वाक्य लिहायला गेलात तर क्रियापद कोणाचं धरणार? 'तू ये' म्हटलं तर सून उद्धट, 'तुम्ही या' म्हटलं तर नातू परका. त्यापेक्षा तुझं तू लिही, खाली तिचं ती लिहू दे.

सासऱ्यांना 'तीर्थस्वरूप' लिही. 'तीर्थरूप' आपल्या आईवडिलांना, बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. फोनवर आता कोणी लिहीत नाही, पण ते स्वतः लिहितात, तेव्हा त्यांना लागेल.

आणि मावशी. श्रावणात तुझे काका गेले. तिच्या घरी यंदा फराळ होणार नाही, कंदीलही लागणार नाही. 'सुखाची जावो' हे तिच्या फोनवर नको. तिला 'शुभेच्छा' हा शब्दच लिहू नकोस. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. ते तुझं तूच लिही, मी फक्त वेलांट्या बघीन.

गुरुवार, १६ ऑक्टोबर, रात्री. शेवटचे मजकूर.

कुटुंबाच्या गटावर:

*सप्रेम नमस्कार.*

*आपणास व घरातील सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. ही दिवाळी आपणास सुखाची, समृद्धीची आणि उत्तम आरोग्याची जावो. आपल्या मनातील सर्व इच्छा पूर्ण होवोत आणि वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद सदैव आमच्या पाठीशी राहोत.*

*भाऊबिजेला, गुरुवार, २३ ऑक्टोबर रोजी दुपारी साडेबारा वाजता कोथरूडच्या घरी आपण सर्वांनी जेवायला अवश्य यावे, ही विनंती. धाकटे काका-काकूही येणार आहेत.*

*आपले नम्र,*
*निखिल व सायली*

आजीला:

*आजी, साष्टांग नमस्कार. दिवाळीच्या खूप खूप शुभेच्छा. सोमवारी पहाटे अभ्यंगस्नानाला उटणं लावायला तू नसशील, तेव्हा मी अर्धवट झोपेतच आंघोळ उरकणार, हे तुला आत्ताच सांगून ठेवतो. गुरुवारी सकाळी दहाला मी स्वतः गाडी घेऊन तुला न्यायला येतो. रिक्षाने निघू नकोस. गुडघ्याचा पट्टा आठवणीने घे. तुझा निखिल.*

*आजी, नमस्कार. तुम्ही सांगितलंत तसे अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवले, पाणी रोज बदललं. गूळ घालून पीठ मळून ठेवलंय. पण पहिला अनारसा तुम्ही आल्यावरच तळणार आहे. तुपात विरघळला तर निदान काय चुकलं ते सांगायला तुम्ही समोर असाल. तुमची सायली.*

सायलीच्या आई-बाबांना:

*तीर्थस्वरूप बाबा व आई यांना सादर नमस्कार. आपणा दोघांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. आपली प्रकृती उत्तम राहो आणि आपले आशीर्वाद आम्हा दोघांना सदैव लाभोत. पाडव्याला, बुधवारी सायंकाळी आम्ही नमस्काराला येत आहोत. आपण जेवणाचा काही घाट घालू नये. आपला, निखिल.*

*आई, घाट घालू नकोस असं यांनी लिहिलंय. मी लिहिलेलं नाही. बाबा, तुम्ही गोड बेताने खा. – सायली*

मावशीला:

*मावशी, यंदाची दिवाळी तुला कशी जाणार आहे ते आम्हाला कळतंय. दर वर्षी कंदील बांधताना काका खालून 'डावीकडे घे, अजून डावीकडे' असं ओरडायचे, ते कालपासून कानात आहे. तू फराळाचं काही करू नकोस. चिवडा, चकल्या आणि बेसनाचे लाडू आम्ही करून आणतो. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला येऊ आणि तुझ्याजवळ बसू. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, नाही तर राहू दे. तुझा निखिल.*

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

निखिल: पाठवले सगळे. मावशीच्यात काही चुकलं होतं का? तू काहीच बोलली नाहीस.

आत्या: नाही. एकही वेलांटी चुकली नव्हती. दोनदा वाचला.

निखिल: मावशीचं उत्तर आलं. 'या. चकली जरा कडक आण, मागच्या वेळची मऊ होती.'

आत्या: बरं वाटलं. आणि गट बघितलास का?

निखिल: बघितला. धाकटे काका: 'शुभेछ्याबद्दल आभारी. आम्ही दोघे नक्की येणार आहे.'

आत्या: 'आहोत' रे देवा, 'आहोत'.

निखिल: गटावर लिहू?

आत्या: खबरदार. सगळ्यांसमोर नको, काका आहे तुझा. मी बघते त्याच्याकडे. गुरुवारी ओवाळताना, ओवाळणी ताटात पडल्यावर.