जिवंत देवस्थानांचे जतन: सिंहस्थापूर्वी नाशिक-त्र्यंबकेश्वरसाठी धोरण-टिपण

सादर: सिंहस्थ पूर्वतयारी बैठक, नाशिक

२०२३ च्या जानेवारीत पिंडीची झीज रोखण्याच्या कामासाठी त्र्यंबकेश्वराचे मंदिर आठवडाभर भाविकांना बंद ठेवावे लागले. वज्रलेप झाला, दार उघडले, रांग पुन्हा लागली. लेप हे दुखण्यावरचे मलम आहे. दुखणे कशाने होते, ते तसेच राहिले. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वस्नानांची गर्दी याच गाभाऱ्याकडे येणार आहे. त्याआधी नियम ठरले पाहिजेत.

‘पूजा की जतन’ असा प्रश्न मांडणे आम्हाला चुकीचे वाटते. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये सुरू केलेले आणि १७८६ मध्ये पूर्ण झालेले हे काळ्या दगडाचे मंदिर उभे आहे, कारण तिथे रोज दिवा लागतो, रोज कोणीतरी पन्हाळ साफ करतो. पूजा थांबली की देखरेखही थांबते. मात्र ‘देवाला काय चालते ते आम्ही बघू’ हेही पुरेसे उत्तर नाही, कारण दगडाला काय सोसते हा प्रश्न दगडाचा आहे.

खरा भेद वेगळ्या जागी आहे. देवाचे नित्योपचार एकीकडे आणि प्रत्येक भाविकाचा स्वतंत्र अभिषेक दुसरीकडे. परंपरेने ठरलेली त्रिकाल पूजा ठरलेले पुजारी सोवळ्यात, ठरलेल्या साहित्याने करतात. तिचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तेच आहे. वाढले आहे ते दुसरे. दह्यातले आम्ल, तुपाचा थर, भस्म चोळणारे हात, आणि हे सगळे काढायला पुन्हा घासणे. त्र्यंबकेश्वरची पिंडी उंच नाही. खोलगट भागात ब्रह्मा, विष्णू, महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. जे मुळातच इतके लहान, त्याची झीज भरून येत नाही.

उज्जैनच्या महाकालेश्वराबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हीच रेघ ओढली: पंचामृत फक्त मंदिराच्या पारंपरिक पूजेत, भाविकांनी ते वाहू नये, आणि पिंडी कोणाही भाविकाने घासू नये. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचे कलम १६ सुद्धा पूजास्थानाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत नसावा, असे सांगते. म्हणजे कायदा पूजेला पाहुणी मानत नाही. पुरातत्त्व विभागाच्या अधिकाऱ्यांनी हे लक्षात ठेवून देवस्थानाशी बोलावे. फलक लावून निघून जाऊ नये.

रामकुंडाची गोष्ट निराळी आहे आणि तिथे दोष भाविकाचा नाही. अस्थिविसर्जनाला, स्नानाला लोक शतकानुशतके येत आहेत. कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले ते मागच्या काही सिंहस्थांच्या ‘सोयीं’नी. जमिनीतून येणारे झरे बुजले, आणि आता कुंडात पाणी राखायला धरणातून सोडावे लागते. दुतोंड्या मारुतीकडे पाहून पूर मोजणाऱ्या गावाला नदी कशी वाहते हे शिकवायची गरज नव्हती. तेच काळाराम मंदिराच्या परिसराला लागू आहे: जुन्या चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरले की ओल आत कोंडते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. १९३० च्या सत्याग्रहाने त्या दरवाजाला जे मोल आले आहे, ते गुळगुळीत फरशीने झाकले जाऊ नये.

आमच्या शिफारशी अशा. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात नित्योपचारांना हात लावू नये. वैयक्तिक अभिषेक उत्सवमूर्तीवर किंवा सभामंडपातल्या वेगळ्या पात्रात व्हावा, आणि हा बदल पुरोहित संघाने संकल्पाच्या शब्दांसह स्वतः ठरवावा. कारण लोक फलकाचे ऐकत नाहीत, गुरुजींचे ऐकतात. यात पुरोहितांच्या दक्षिणेला धक्का लागता कामा नये. तसे झाले तर नियम श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारीच मोडेल.

गर्दीची मर्यादा रांगेच्या लांबीवरून न ठरवता गाभाऱ्यातल्या हवेवरून ठरावी: ओलावा आणि तापमान मोजणारी साधी यंत्रे बसवावीत, त्यांचे आकडे दर सोमवारी देवस्थानाच्या दारावर लावावेत. पिंडीची मोजणी दर सहा महिन्यांनी, पुजाऱ्यांच्या उपस्थितीत व्हावी.

गोदाकाठावर सिंहस्थासाठी होणारे कोणतेही नवे घाटकाम कुंडाच्या तळाला टेकू नये. मंदिरांच्या दुरुस्तीत सिमेंट आणि ऑइल पेंट यांना बंदी असावी, आणि चुन्याचे काम जाणणारे गवंडी निविदेच्या अटीत असावेत. सर्वांत कमी दराची निविदा इथे सर्वांत महाग पडते, हे रामकुंडाने दाखवले आहे.

पहिली बैठक पुजारी, पुरातत्त्व विभाग, नगर परिषद आणि महापालिका यांनी एकत्र, गाभाऱ्याबाहेरच्या सभामंडपात बसून घ्यावी.